भिंतीच्या पाठीमागचं पाणी

ऑगस्टमधल्या एका पहाटे मामीचा फोन आला. "अरे, अंगणापुढची भिंत गेली. आवाजसुद्धा फार झाला नाही." तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. मामाचं घर रत्नागिरीजवळ उतारावर आहे. घराच्या पुढ्यात अंगण, अंगणाच्या कडेला बाग आणि बागेची माती खाली वाटेवर येऊ नये म्हणून बांधलेली पाच फूट उंच, चाळीस फूट लांब अशी चिऱ्याची भिंत. तिचा मधला पंधरा-सोळा फुटांचा तुकडा पुढे वाटेवर आडवा झाला होता. जास्वंदीचं झाड मुळांसकट खाली, अनंत अर्धा वर आणि अर्धा खाली लोंबकळलेला. वाटेवर त्या वेळी कोणी नव्हतं, हे सगळ्यात मोठं भाग्य. त्याच वाटेवरून वाडीतली मुलं शाळेत जातात.

मी बांधकामाच्या क्षेत्रात पंचवीस वर्षं काढली आहेत. पडलेली भिंत बघताना पहिली गोष्ट मी तिची जाडी मोजतो. ही चांगली दोन फुटी होती. गवंड्यानं चिऱ्यात किंवा सिमेंटमध्ये कुठे हात आखडता घेतला नव्हता. पायाही दीड फूट खाली, कडक मुरमावर. पुढून गुळगुळीत प्लास्टर आणि त्यावर रंग. दोनच वर्षांपूर्वी बांधलेली. वाडीतल्या सगळ्यांचं म्हणणं एकच : "माती भिजून जड झाली, भिंतीला पेलली नाही."

हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं आणि तिथेच सगळी गल्लत होते. भिजल्यानं माती जड होते हे खरं, पण त्या वाढलेल्या वजनानं ही भिंत पडली नसती. ती पाडली पाण्यानं. मातीत मुरलेलं पाणी भिंतीच्या पाठीशी साठलं, त्याला बाहेर जायला वाट नव्हती आणि त्यानं स्वतःच्या जोरावर भिंत ढकलली. फरक बारीक वाटेल, पण उपाय सगळा त्यावरच ठरतो. मातीचं वजन हे कारण मानलं तर माणूस पुढची भिंत आणखी जाड बांधतो. पाणी हे कारण ओळखलं तर तो पाण्याला वाट करून देतो.

थोडा हिशोब मांडतो, अगदी साधा. भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. उंची दीड मीटर, म्हणजे आपले पाच फूट. जाडी साठ सेंटिमीटर. चिऱ्याचं बांधकाम घनमीटरला साधारण दोन टन भरतं, म्हणून या तुकड्याचं वजन झालं १,८०० किलो. त्याच्या मागे कोरडी, निचरा होणारी मुरमाड माती असेल तर ती भिंतीला आडवं ढकलते सुमारे ७०० किलोच्या जोरानं. माती आपलं सगळं वजन भिंतीवर टाकत नाही. तिचे कण एकमेकांवर घासून अडकून राहतात, त्यामुळे वजनाचा साधारण तिसरा हिस्साच आडवा दाब होऊन येतो. शार्ल कूलाँ या फ्रेंच लष्करी इंजिनिअरनं मार्टिनिक बेटावर किल्ल्याचं बांधकाम सांभाळल्यावर हे गणित बसवलं. त्याचा निबंध १७७६ साली छापला गेला आणि आजही भिंतीचा हिशोब त्याच वाटेनं सुरू होतो.

पाण्याचं तसं नाही. पाण्याच्या कणांत घर्षण नाही, ते कुठे अडकून बसत नाहीत. पाणी जितका दाब खाली देतं तितकाच आडवा देतं. भिंतीमागची माती वरपर्यंत पाण्यानं भरली तर एकट्या पाण्याचा आडवा जोर होतो सुमारे १,१०० किलो. मातीचा जोर उलट कमी होतो, कारण पाण्यात बुडालेली माती हलकी होते. तो ७०० वरून ३८० च्या आसपास येतो. बेरीज केली तर जवळजवळ १,५०० किलो. म्हणजे तीच भिंत, तीच माती आणि जोर दुपटीहून थोडा जास्त. त्यातला तीन चतुर्थांश वाटा एकट्या पाण्याचा.

आता भिंत उलटेल की उभी राहील ते बघू. हा जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे अर्ध्या मीटरवर लागतो असं धरतात. भिंत तिच्या पुढच्या पायाच्या कडेवर उलटायला बघते आणि तिचं स्वतःचं वजन तिला मागे ओढून धरतं. कोरड्या दिवसात उलटवणारी ताकद ३४५ आणि धरून ठेवणारी ५४०. भिंत निवांत उभी आहे. पाणी काठोकाठ भरलं की उलटवणारी ताकद होते ७५५. धरणारी तीच, ५४०. पाणी वरपर्यंत भरायचीही गरज नाही. ते चार फुटांच्या आसपास चढलं की दोन्ही बाजू बरोबरीला येतात.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा मी आडव्या पडलेल्या चिऱ्यांची मागची बाजू पाहिली. तळापासून वर तांबड्या गाळाचा थर चिकटलेला होता आणि तो एका रेषेत थांबला होता. टेपनं मोजलं : तीन फूट दहा इंच.

या दाबाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती चटकन पटत नाही. पाणी किती आहे यावर दाब ठरत नाही, ते किती उंच उभं आहे यावर ठरतो. भिंत आणि माती यांच्यात बोटभर रुंदीची फट असेल आणि ती पाच फूट पाण्यानं भरली, तरी भिंतीला बसणारा धक्का पाच फूट खोल तळ्याइतकाच असतो. म्हणून "आमच्या बागेत एवढं कुठलं पाणी" हा दिलासा खोटा आहे. उन्हाळ्यात माती आकसून भिंतीपासून सुटते आणि मे महिन्यात अंगणाच्या कडेला ती फट उघडी दिसते. पहिल्या मोठ्या पावसात तीच भरते.

मामाकडे पाण्याची मात्र कमतरता नव्हतीच. घराच्या पुढच्या बाजूचं छप्पर सुमारे सहाशे चौरस फुटांचं. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणात जुलैत तसे दिवस येतातच, तर त्या छपरावरून साडेपाच हजार लिटर पाणी खाली येतं. पन्हळ नव्हती. सगळ्या पागोळ्या अंगणाच्या कडेला पडत होत्या आणि तिथून पाणी सरळ बागेच्या मऊ मातीत, म्हणजे भिंतीच्या पाठीत मुरत होतं.

"पण भोकं ठेवली होती की," मामीनं दाखवलं. खरंच ठेवली होती. दर्शनी बाजूला दोन इंची पीव्हीसी पाइपाची पाच तोंडं एका ओळीत दिसत होती. या भोकांना वीपहोल म्हणतात आणि कुठलाही गवंडी ती न सांगता ठेवतो. आम्ही ती एकेक करून तपासली. दोन पाइप भिंतीच्या आरपार गेलेच नव्हते, मागच्या चिऱ्याच्या सिमेंटमध्ये बंद झाले होते. उरलेले तीन आरपार होते, पण त्यांचं मागचं तोंड सरळ तांबड्या मातीत उघडत होतं. एकात मुंग्यांचं घर होतं. बाकी दोन चिकट गाळानं इतके गच्च भरले होते की सळई ठोकून तो बाहेर काढावा लागला.

भोक म्हणजे नुसतं दार. दारापर्यंत यायला पाण्याला वाट लागते. भिंतीमागे नुसती चिकण माती भरली की त्या वाटेचाच पत्ता नसतो. घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांची बुडं कापा आणि त्या तोंड खाली करून उभ्या धरा. एकीत धुतलेली खडी भरा, दुसरीत बागेतली चिकट माती दाबून भरा. दोन्हींत तांब्याभर पाणी ओता. खडीतून ते ओतता ओतताच खाली येतं. मातीत ते वर तरंगत राहतं, तासाभरानं थेंब थेंब गळायला लागतं आणि त्या थेंबाबरोबर बारीक मातीही येते. पाइपाच्या तोंडाशी हेच होतं. सुरुवातीला दोन-चार दिवस गढूळ पाणी येतं, मग येणारी मातीच तोंडाशी बसते आणि भोक कायमचं बंद होतं. मामाच्या भिंतीची भोकं पहिल्याच पावसाळ्यात बुजली असणार.

मग पहिल्या वर्षी भिंत का पडली नाही? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तर शिकवण्यासारखं आहे. जेमतेम ओल असलेली माती स्वतःच्या बळावर उभी राहते. कणांच्या मधल्या थोड्याशा पाण्याचा ताण त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. मुलं वाळूचा किल्ला करतात तो ओल्या वाळूचाच, कोरडी वाळू ढासळते आणि समुद्राची लाट आली की तीच ओली वाळू वाहून जाते. कोकणातली तांबडी माती तर उन्हाळ्यात कापली की पुरुषभर उंच सरळ उभी राहते. कितीतरी बागांच्या नऊ इंची भिंती हिशोबानं कोरड्या मातीलाही पुऱ्या पडत नाहीत, तरी वर्षानुवर्षं उभ्या दिसतात, त्या यामुळे. तिथे भिंतीनं माती धरलेलीच नसते, माती स्वतःच उभी असते. ज्या दिवशी ती पूर्ण भिजते त्या दिवशी हा ताण संपतो आणि भिंतीवर पहिल्यांदा खरं काम येतं. "वीस वर्षं काही झालं नाही" हा भिंत भक्कम असल्याचा पुरावा नव्हे.

शिवाय भिंत एका रात्रीत पडत नाही, पडताना फक्त एका रात्रीत दिसते. मामाच्या भिंतीनं आधी बरंच काही सांगितलं होतं. दुसऱ्या जुलैत मामीनं मला म्हटलं होतं, "भिंतीला पोट आल्यासारखं वाटतंय." मी मुंबईत होतो, गणपतीत येऊन बघतो म्हणालो. त्या वेळी जाऊन ओळंबा लावला असता तर वरची कड तळापेक्षा तीन बोटं पुढे आलेली दिसली असती. शेजाऱ्यानं तसं नुसत्या नजरेनं ओळखलंही होतं. या उशिराची खंत मला आजही आहे.

झुकण्याची ही क्रिया पाचरीसारखी चालते. पावसात पाण्याचा जोर भिंतीला थोडं पुढे रेटतो. पाणी ओसरलं की भिंत मागे यायला हवी, पण तोवर मागच्या फटीत माती ढासळून बसलेली असते. उन्हाळ्यात फट पुन्हा उघडते, पुन्हा माती आत पडते. पुढच्या पावसाळ्यात भिंत आधीच झुकलेल्या जागेपासून सुरुवात करते. एकेक वर्ष एकेक बोट. भिंत जितकी पुढे झुकते तितका तिच्या वजनाचा मध्य पायाच्या पुढच्या कडेकडे सरकतो आणि धरून ठेवणारी ताकद कमी होत जाते. शेवटी एका रात्रीचा पाऊस निमित्त होतो.

दुसरी खूण अंगणातच होती. भिंतीपासून साधारण तीन फुटांवर, तिला समांतर अशी एक भेग शहाबादी फरशीवरून गेलेली होती. मामानं त्यात दोनदा सिमेंट भरलं होतं. ही भेग कुठे पडते ते आधी सांगता येतं. माती सुटते ती भिंतीच्या तळापासून वर तिरप्या रेषेत, जमिनीशी साधारण साठ अंशांचा कोन करून. पाच फूट उंच भिंतीमागे ती रेषा जमिनीवर येते तीन फुटांच्या जरा आत. म्हणजे ती भेग फरशीची नव्हती, सुटायला निघालेल्या मातीच्या पाचरीची वरची कड होती. सिमेंट भरून ती झाकली गेली एवढंच. भिंत पडल्यावर मागे उघडी पडलेली माती पाहिली तर तिचा उतारही तसाच, तळाशी भिंतीला लागून आणि वर त्या भेगेपर्यंत.

तिसरी खूण सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी पाहिली जाणारी. जोराच्या पावसात भोकांतून पाणी येतंय का? मामी म्हणाली, "नाही रे, पहिल्या वर्षी जरा गढूळ आलं, नंतर भोकं कोरडीच असायची. आम्हाला वाटलं, आत पाणीच नाही." वर धो धो पाऊस, प्लास्टरवर ओलीचे नकाशे उमटलेले, आणि भोकं कोरडी. याचा अर्थ आत पाणी नाही असा होत नाही. आत पाणी आहे आणि ते अडकलं आहे, असा होतो.

आमच्याकडे जुन्या आगरांना गडगे असतात. नुसते दगडावर दगड, मध्ये ना चुना ना सिमेंट. गडग्याला कोणी भोकं ठेवत नाही, कारण त्याची प्रत्येक फट हेच भोक. मागचं पाणी जिथे मिळेल तिथून झिरपून जातं आणि पाठीशी साठतच नाही. गडगेही फुगतात, कोपरे ढासळतात, पण चार माणसं मिळून दिवाळीनंतर ते पुन्हा रचतात. आपण त्याच जागी चिरा सिमेंटमध्ये बांधायला लागलो, दर्जा भरल्या, पुढून प्लास्टर केलं. पूर्वी फटींतून जाणारं पाणी अडलं. नवी भिंत जुन्या गडग्याहून मजबूत आहे यात शंका नाही, पण तिच्यावर येणारा भार गडग्यावर कधीच आला नव्हता. बांधणीची रीत बदलली आणि तिच्याबरोबर जो निचरा वेगळा करायला हवा होता तो राहून गेला.

घाटावर काळ्या मातीत हाच प्रश्न आणखी अवघड होतो. काळी माती भिजली की फुगते आणि फुगताना रेटते. ती भिंतीमागे भरूच नये, खणून निघाली असली तरी नाही. तिथे मुरूम बाहेरून आणावा लागतो.

मामाची भिंत आम्ही जानेवारीत पुन्हा बांधली. उरलेले दोन्ही तुकडेही उतरवले, कारण तेही ओळंब्यात नव्हते. काय केलं ते क्रमानं सांगतो, त्यातला बराचसा भाग कुठल्याही पाच फुटी भिंतीला लागू पडेल.

पाया पुन्हा मुरमापर्यंत, दीड फूट. तळाची रुंदी पावणेतीन फूट, वर दीड फूट आणि पुढची बाजू किंचित मागे कललेली, म्हणजे दर दहा इंचांना एक इंच. ढोबळ नियम असा की नुसत्या वजनावर उभ्या राहणाऱ्या भिंतीचा तळ उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त असावा. वीपहोल तीन इंची, दर पाच फुटांवर, पहिली ओळ वाटेपासून सहा इंच वर, दुसरी तिच्यावर दोन फुटांनी, आधीच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशी. प्रत्येक पाइप बाहेरच्या बाजूला जरा उतरता. सिमेंट ओलं असतानाच प्रत्येकातून सळई फिरवून तो आरपार असल्याची खात्री केली.

खरं काम भिंतीच्या पाठीमागे झालं. भिंतीला लागून एक फूट रुंदीचा पट्टा, तळापासून वरच्या कडेखाली फूटभर अंतरापर्यंत, चाळीस मिलिमीटरच्या धुतलेल्या खडीनं भरला. धुतलेली हा शब्द महत्त्वाचा आहे. कच मिसळलेली खडी स्वस्त मिळते, पण तिच्यातल्या भुकटीनं वाट पुन्हा बुजते. खडीच्या तळाशी चार इंची छिद्रांचा पाइप भिंतीच्या लांबीभर टाकला. त्याची छिद्रं खाली ठेवली. गवंड्याला हे उलटं वाटलं. "साहेब, भोकं वर असली तर पाणी आत पडेल ना?" पाणी पाइपात वरून पडत नाही, ते तळाशी साठून वर चढतं. छिद्रं खाली असली की ते चढायला लागताच पाइपात शिरतं. छिद्रं वर असली तर पाइपाच्या उंचीइतकं पाणी आधी साठावं लागतं. शंभराला एक असा उतार दिला, म्हणजे चाळीस फुटांत पाच इंच. खालचं टोक वाटेच्या कडेच्या गटारात उघडं सोडलं आणि वरच्या टोकाला झाकण लावून ते जमिनीवर आणलं, म्हणजे कधी गाळ बसला तर तिथून पाण्याची नळी घालून धुता येईल.

खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड लावलं. जाडसर नमद्यासारखं दिसणारं हे कापड पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं. ते नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत मातीचे कण खडीत शिरतात आणि तीही बुजते. कापड मिळत नसेल तर जुनी रीत आहे : भिंतीकडून मातीकडे जाताना आधी मोठी खडी, मग बारीक खडी, मग जाडी वाळू. प्रत्येक थरानं मागच्या थराचे कण अडवायचे. काम जास्त आहे, पण चालतं. प्लास्टिकचा कागद मात्र कोणी लावू नये. तो मातीबरोबर पाणीही अडवतो आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

कापडामागे मुरूम, आठ आठ इंचांच्या थरांत धुम्मस करून. एकदम सगळा भराव टाकून वरून पाणी मारलं की तो बसतो असं समजतात. तसा बसलेला भराव पुढे दोन वर्षं खचत राहतो, वरची जमीन भिंतीकडे उतरती होते आणि पावसाचं पाणी आपसूक तिकडेच धावतं. सगळ्यात वर फूटभर चिकट माती, चोपून, भिंतीपासून घराकडे उतार देऊन, आणि तिथे उथळ चर. ही एकच जागा अशी आहे जिथे चिकट माती हवी, कारण इथे पाणी आत जाऊ द्यायचं नाही. छपराला पन्हळ लावली आणि तिचं पाणी वेगळ्या पाइपानं थेट गटारात नेलं.

पुढून प्लास्टर केलं नाही. चिरा उघडाच ठेवला.

याला खर्च किती जास्त आला, असं वाडीत चार जणांनी विचारलं. चाळीस फूट लांब, पाच फूट उंच, एक फूट रुंद : दोनशे घनफूट, म्हणजे दोन ब्रास खडी. त्यावर पाइप आणि कापड. भिंतीच्या एकूण खर्चात हा भाग लहान होता. पहिल्या भिंतीच्या अंदाजपत्रकात चिरा होता, सिमेंट होतं, रंगसुद्धा होता. ही दोन ब्रास खडी नव्हती.

या उपायाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भिंत पाच फुटांहून उंच असेल, तिच्यामागे गाडी उभी राहणार असेल किंवा वर घराचा पाया जवळ असेल, तर हे माप पुरणार नाही. तिथे इंजिनिअरकडून हिशोब करून घ्यावाच लागतो. डोंगरातून पावसाळी झरा फुटत असेल तर त्याचं पाणी भिंतीपर्यंत येण्याआधीच वर चर खणून वळवावं लागतं. आणि भिंतीच्या पुढच्या पायाशी कोणी गटारासाठी खोदलं, तर मागचा निचरा कितीही चांगला असला तरी भिंत पायातून पुढे सरकू शकते. पायापुढची माती हाही भिंतीचाच आधार आहे.

भिंत झुकलेली दिसली आणि पावसाळा चालू असेल तर काय करायचं? पुढून भोकं पाडायला जाऊ नका. पाण्यानं ताणलेल्या भिंतीखाली उभं राहून ड्रिल चालवणं जिवावर बेतू शकतं. बांबूचे टेकू दीड टनाच्या जोरापुढे टिकत नाहीत, त्यांनी फक्त खोटा धीर येतो. आधी भिंतीखालची वाट बंद करा. पन्हळीचं, मोरीचं, अंगणाचं जे पाणी भिंतीमागे जातं ते दुसरीकडे वळवा. मागच्या मातीवर ताडपत्री पसरा, भेगेच्या पलीकडून ते भिंतीच्या वरून पुढे लोंबेल अशी. पाऊस दोन-तीन दिवस उघडला तर मागच्या बाजूनं, वरून, माती थोडी थोडी काढून भार हलका करा. आणि भिंतीखाली कोणाची झोपडी किंवा कामगारांचं खोपटं असेल तर त्या लोकांना त्याच दिवशी हलवा. २०१९ च्या जून अखेरीस पुण्यात कोंढव्याला आणि लगेच जुलैच्या सुरुवातीला मुंबईत मालाडला पावसात भिंती पडल्या, तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली माणसं गेली. त्या भिंती बागेच्या भिंतींहून खूप मोठ्या होत्या, पण पाच फुटी भिंतीचा एक मीटरचा तुकडाही १,८०० किलोचा असतो.

यंदाच्या जुलैत मी मुद्दाम पावसात गेलो. दुपारपासून संततधार होती. वाटेवर उभं राहून बघितलं तर वरच्या ओळीची भोकं कोरडी, खालच्या ओळीतल्या दोन भोकांतून बारीक धार आणि टोकाच्या पाइपातून स्वच्छ पाणी वाहत होतं. मामीनं छत्री धरली आणि मी पाइपाखाली पंधरा लिटरची बादली ठेवली. ती चार मिनिटांत भरली. मामीनं ती जास्वंदीच्या नव्या रोपाशी नेऊन ठेवली आणि दुसरी आणायला आत गेली.